पैसे निघाले बुधवारी, पोचले मंगळवारी!

मार्च महिना उजाडला की पानशेतकडच्या घराघरांतून एकच विषय निघतो. सोसायटीचं पीककर्ज ३१ तारखेच्या आत भरायचं! भात विकून आलेले पैसे केव्हाच संसारात विरघळून गेलेले असतात. मग कुणी भिशीचा नंबर लागतो का पाहतं, कुणी पुण्यातल्या भावाला फोन करतं, आणि ज्यांची मुलं परदेशी आहेत त्या मुलाकडून पैसे येण्याची वाट पाहतात.

आमच्या शेजारच्या मावशी अशाच. मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला नोकरीला. २०२४ च्या मार्चअखेरची गोष्ट. गुरुवारी सकाळी मावशी हसऱ्या चेहऱ्यानं आल्या. "पाठवले गं त्यानं पैसे! काल संध्याकाळीच पाठवले म्हणतोय. आज येतील, उद्या सोसायटीत भरून टाकीन."

शुक्रवारी पैसे आले नाहीत. शनिवारीही नाहीत. मुलगा फोनवर शपथेवर सांगत होता की, "आई, माझ्या खात्यातून कधीच गेलेत." बँकेतला माणूस सांगत होता, "आमच्याकडे काही आलेलं नाही." आता दोघंही खरं बोलत होते, बरं का! पण मग पैसे होते तरी कुठे?

ते पैसे मंगळवारी, २ एप्रिलला दुपारी मावशींच्या खात्यात पडले. बुधवारी निघालेले, मंगळवारी पोचले. या सहा दिवसांची उकल करायला आम्ही दोघी नंतर कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि जे कळलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं. कारण मुलगा-मुलगी, दीर-जाऊ, कुणी ना कुणी परदेशात आहे अशी घरं आता खेडोपाडीही कमी राहिलेली नाहीत.

एका दिवसाची किंमत

एक दिवस इकडे-तिकडे झाला तर एवढं काय बिघडतं, असं वाटेल तुम्हाला. म्हणून आधी हिशेब पाहू.

तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज ठरल्या मुदतीत फेडलं, तर केंद्र सरकारची आणि राज्य सरकारची अशा दोन सवलती मिळतात. राज्याची ती डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना. दोन्ही मिळून शेतकऱ्याला व्याज शून्य टक्के पडतं. पण ही सवलत बक्षिसासारखी आहे. वेळेत फेडणाऱ्यालाच ती मिळते. तारीख टळली की व्याज पुन्हा आपल्या माथी. मावशींचं कर्ज होतं ९० हजारांचं. सहा टक्क्यांनी वर्षाचं व्याज धरलं तरी ५,४०० रुपये झाले. शिवाय थकबाकीदारांच्या यादीत नाव गेलं की पुढच्या खरिपाचं कर्ज अडतं, ते वेगळंच.

म्हणजे बियाणं, खत आणि लावणीची मजुरी, सगळं त्या एका तारखेवर लटकलेलं. मावशींचा जीव टांगणीला लागला होता तो उगीच नाही.

पैसे प्रवास करीत नाहीत, निरोप करतो

आपल्या मनात पैसे पाठवण्याचं चित्र मनिऑर्डरीचं असतं. पोस्टमन पिशवीतून नोटा आणतो आणि मोजून हातावर ठेवतो. परदेशातून येणाऱ्या पैशाचं तसं नसतं. अमेरिकेतले डॉलर अमेरिकेतच राहतात. ते कधीच पानशेतला येत नाहीत.

होतं असं की, आपल्या इथल्या मोठ्या बँकेनं न्यूयॉर्कमधल्या एखाद्या बँकेत स्वतःचं डॉलरचं खातं उघडून ठेवलेलं असतं. बँकवाले त्याला 'नोस्त्रो' खातं म्हणतात. मुलाची बँक त्याच्या खात्यातून डॉलर वजा करते आणि ते या नोस्त्रो खात्यात जमा होतात. त्याबरोबर 'स्विफ्ट' नावाच्या जाळ्यातून आपल्या बँकेला निरोप येतो की, अमुक इतके डॉलर तुमच्या खात्यात आलेत, ते अमुक बाईंच्या खात्यात द्या. मग आपली बँक त्या दिवसाचा भाव लावते, डॉलरचे रुपये करते आणि मावशींच्या खात्यात जमा दाखवते.

म्हणजे कामं तीन झाली. तिकडच्या बँकेनं पैसे सोडायचे, न्यूयॉर्कला खात्यांची नोंद व्हायची आणि इकडच्या बँकेनं रुपये करायचे. स्विफ्टचा निरोप क्षणात पोचतो. वेळ जातो तो या तीन कामांत, कारण तिन्ही ठिकाणी माणसं आहेत, काउंटर आहेत, आणि प्रत्येकाचं घड्याळ निराळं आहे.

शेवटची गाडी

पानशेतला राहणाऱ्यांना 'कट-ऑफ टाइम' वेगळा समजावून सांगायला नको. स्वारगेटहून पानशेतकडे येणारी शेवटची गाडी चुकली तर काय होतं? आपण पाच मिनिटं उशिरा पोचलो म्हणून घरीही पाच मिनिटं उशिरा पोचू, असं होतं का? मुळीच नाही. रात्र पुण्यात काढायची आणि सकाळच्या गाडीनं यायचं. उशीर पाच मिनिटांचा, खोळंबा बारा तासांचा!

बँकेचा कट-ऑफ म्हणजे तीच शेवटची गाडी. परदेशी पैसे पाठवण्यासाठी प्रत्येक बँक दिवसातली एक वेळ ठरवते. कुणी दुपारी दोन, कुणी चार, कुणी संध्याकाळी पाच. त्या आधी आलेली मागणी त्या दिवसाची, नंतर आलेली दुसऱ्या दिवसाची. गंमत अशी की, मोबाईलवर किंवा संगणकावर बटण रात्री अकरालाही दाबता येतं. पडद्यावर हिरवी खूण येते, खात्यातून रक्कमही वजा झालेली दिसते. पाठवणाऱ्याला वाटतं, गेले पैसे. प्रत्यक्षात ते बँकेच्या दाराशी रांगेत बसून सकाळची वाट पाहत असतात.

ही वेळ बँकेला पाळावी लागते, कारण तिच्या पुढेही एक दार आहे. अमेरिकेत बँकाबँकांतले मोठे व्यवहार 'फेडवायर' या यंत्रणेतून होतात. ती आदल्या रात्री नऊला उघडते आणि त्या दिवशी संध्याकाळी सातला मिटते. शनिवार-रविवार बंद. त्या सातच्या आत तपासणी, मंजुरी, नोंदी सगळं उरकायचं, म्हणून बँक आपलं दार दोन-चार तास आधीच लावून घेते. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीला अकराला बसवायचं असेल तर भात साडेनऊलाच चुलीवर चढतो ना, तसंच हे.

दोन घड्याळं, एकही सामाईक तास नाही

आता खरी मेख पाहा. न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या मागे आहे. उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा तास. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात, म्हणून हा एका तासाचा फरक पडतो.

कागदावर मांडून पाहा. तिकडची बँक सकाळी नऊला उघडते तेव्हा, मार्चअखेरच्या हिशेबानं, आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. आपली बँक कधीच बंद झालेली. तिकडे संध्याकाळी पाचला बँक मिटते तेव्हा आपल्याकडे पहाटेचे अडीच. आणि आपली बँक सकाळी दहाला उघडते तेव्हा तिकडे मध्यरात्रीचा साडेबारा. थोडक्यात, दोन्ही बँकांत माणसं एकाच वेळी टेबलावर बसलेली आहेत असा एकही तास सापडत नाही. दिवसपाळी आणि रात्रपाळीच्या जोडप्यासारखं आहे हे. एक उठतो तेव्हा दुसरा निजतो, आणि निरोप फक्त चिठ्ठीनं पोचतो!

म्हणून अमेरिकेतून बँकेमार्फत येणाऱ्या पैशाला, सगळं सुरळीत झालं तरी, एक रात्र तरी लागतेच. तिकडच्या आजच्या दिवसात सुटलेले पैसे आपल्या उद्याच्या दिवसात पोचतात. आणि तिकडची शेवटची गाडी चुकली तर ती 'उद्या' आपसूक 'परवा' होते. पैसे एक दिवस उशिरा येण्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

मावशींच्या पैशांचं काय झालं?

आता मावशींचा हिशेब ओळीनं मांडते. मुलानं पैसे पाठवले बुधवारी, २७ मार्च २०२४ ला, कामावरून घरी आल्यावर, तिकडच्या संध्याकाळी साडेसहाला. त्याच्या बँकेची शेवटची वेळ होती पाच. म्हणजे गाडी दीड तासानं चुकली. आपल्याकडे तेव्हा गुरुवारची पहाट, चार वाजलेले.

गुरुवारी सकाळी तिकडच्या बँकेनं पैसे सोडले. तिथली सकाळ म्हणजे आपली गुरुवारची संध्याकाळ. आपल्या बँकेत परदेशी चलन पाहणारी मंडळी घरी गेलेली.

शुक्रवार, २९ मार्च. गुड फ्रायडे. अमेरिकेत त्या दिवशी फेडवायर चालू असते, पण आपल्या महाराष्ट्रात बँका बंद!

शनिवार, ३० मार्च. आता तुम्ही म्हणाल, शनिवारी बँक बंदच. तसं नाही. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. हा होता पाचवा शनिवार, म्हणून शाखा उघडी होती. मावशी तिथे गेल्यासुद्धा. पण ज्या बाजारात बँका आपसात डॉलर-रुपयांची देवघेव करतात तो बाजार शनिवारी बंद असतो. काही बँका आदल्या भावानं छोटी रक्कम वटवून देतात, काही पुढच्या कामाच्या दिवसावर ठेवतात. मावशींच्या बँकेनं ठेवली. काउंटर उघडा, पण त्यामागचं घर बंद, अशातली गत.

३१ मार्च रविवार. १ एप्रिल सोमवार, वर्षाचे हिशेब मिटवण्यासाठी बँका ग्राहकांना बंद. उजाडला मंगळवार, २ एप्रिल. दुपारी रक्कम जमा.

आता उलट बाजू पाहा. तेच पैसे त्यानं बुधवारी पाचच्या आत, समजा दुपारी तीनला, पाठवले असते तर? निरोप आपल्या बँकेत गुरुवारी सकाळी टेबलावर असता, २८ तारखेला. त्या दिवशी बाजार उघडा होता, बँक उघडी होती. दुपारपर्यंत रुपये झाले असते आणि शनिवारी सोसायटीत भरायला हातात पूर्ण दिवस उरला असता. दीड तासाच्या उशिरानं पाच दिवस खाल्ले ते असे.

मावशींनी काय केलं? शनिवारी दुपारी भिशीतल्या दोघीजणींकडून आणि माहेरून मिळून ९० हजार उभे केले आणि सोसायटीत भरून पावती घेतली. मंगळवारी मुलाचे पैसे आल्यावर ज्याचे त्याला परत. व्याजाची सवलत वाचली. पण त्या दोन रात्री त्यांना झोप नव्हती.

तारीख एक, सुट्ट्या निराळ्या

ही एका वर्षाची अडचण म्हणून सोडून देऊ नका. ३१ मार्च २०२४ ला रविवार होता. २०२५ ला त्याच तारखेला रमजान ईद आली. २०२६ ला महावीर जयंती. लागोपाठ तीन वर्षं वर्षअखेरचा दिवस महाराष्ट्रातल्या बँकांच्या सुट्टीत गेला! अशा वेळी सरकारी भरण्यासाठी ठराविक बँका रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनं उघड्या ठेवतात, हे खरं. पण म्हणून परदेशी चलनाचं काम त्या दिवशी होईलच, असं धरून चालू नका.

आणि सुट्टी दोन्हीकडची मोजायची. दिवाळी आपली, थँक्सगिव्हिंग त्यांचं. आपली सुट्टी त्यांना ठाऊक नसते, त्यांची आपल्याला. शुक्रवारची संध्याकाळ तर सगळ्यांत वाईट. मुलगा शुक्रवारी कामावरून आल्यावर निवांतपणे पैसे पाठवतो. तिकडे शनिवार-रविवार बंद. सोमवारी सकाळी ते सुटतात तेव्हा आपल्याकडे सोमवारची संध्याकाळ झालेली. म्हणजे मंगळवारशिवाय ते आपल्या हाती लागत नाहीत. हेच गुरुवारी दुपारी पाठवले असते तर शुक्रवारी मिळाले असते.

मग दुबईचे पैसे तासाभरात कसे येतात?

मावशींची जाऊ म्हणाली, "माझा मुलगा दुबईहून पाठवतो, ते तर चहा होईपर्यंत येतात!" तेही खरं आहे. कारणं दोन.

पहिलं घड्याळाचं. दुबई आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे आहे. तिथला दिवस आणि आपला दिवस जवळजवळ एकच. पूर्वी तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असे, त्यामुळे आठवड्यातले कामाचे दिवस जुळायचे नाहीत. १ जानेवारी २०२२ पासून तिथल्या सरकारनं शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस असं केलं, तेव्हापासून तेही बरंच जुळलं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आखातातली मुलं पुष्कळदा बँकेऐवजी 'एक्स्चेंज हाउस'मधून पैसे पाठवतात. या पेढ्यांनी इथल्या बँकेत रुपयांचं खातं आधीच भरून ठेवलेलं असतं. तिकडे मुलानं दिरहम भरले की इकडे त्या रुपयांतून आपल्याला रक्कम मिळते. डॉलर न्यूयॉर्कला पोचण्याची, बाजार उघडण्याची वाट पाहावी लागत नाही. वाण्याकडे आधीच पैसे ठेवलेले असले की सामान चिठ्ठीवर मिळतं, तसंच.

अमेरिकेतूनही अशी सोय देणाऱ्या कंपन्या आहेत. पण तिथे एक खोच आहे. इकडची बाजू झटपट असली, तरी मुलाच्या अमेरिकन खात्यातून कंपनीकडे पैसे जायलाच कधी कधी दोन-तीन दिवस लागतात. म्हणून त्याला 'किती वेळ लागतो' असं विचारू नका, 'माझ्या खात्यात कोणत्या तारखेला पडतील असं ते लिहून देतात' हे विचारा.

आपल्या खात्यातून सोसायटीपर्यंत

बहुतेक जिल्हा सहकारी बँकांना आणि पतसंस्थांना परदेशी चलनाचा परवाना नसतो. म्हणून अमेरिकेचे पैसे आधी परवाना असलेल्या बँकेत येतात आणि तिथून सोसायटीच्या खात्यावर न्यावे लागतात. या शेवटच्या टप्प्यात मात्र आता फारसा खोळंबा नाही.

पूर्वी एनईएफटी फक्त कामाच्या दिवशी, कामाच्या वेळात चाले. १६ डिसेंबर २०१९ पासून ती रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही चालते. दर अर्ध्या तासाला एक खेप निघते, दिवसाच्या ४८ खेपा. ज्या खेपेत आपले पैसे गेले, त्यानंतर दोन तासांत समोरच्या बँकेनं ते जमा करायचे, असा नियम आहे. बँकेनं उशीर केला तर तिनं ग्राहकाला व्याज द्यायचं, रेपो दरावर दोन टक्के जास्त. मोठ्या रकमेची आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून अशीच अष्टौप्रहर झाली.

पण लक्षात ठेवा, अष्टौप्रहर चालते ती यंत्रणा, शाखा नव्हे. तुम्ही शाखेत फॉर्म भरून एनईएफटी करणार असाल तर तिथल्या काउंटरची वेळ पाळावीच लागते. आणि सोसायटीच्या खात्यावर रक्कम पडली तरी ती कर्जखात्यात भरून घेणारे सचिव माणूसच आहेत. ३१ तारखेच्या रात्री दहाला मोबाईलवरून पाठवलेले पैसे त्यांच्या वहीत कोणत्या तारखेनं चढतील, हे आधी विचारून घ्या.

धनादेशाचंही घड्याळ आहे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेश दिवसभर सतत वटवणीला जातात, सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंत. समोरच्या बँकेनं त्याच संध्याकाळी सातपर्यंत होकार-नकार कळवायचा. तेव्हा सकाळी दिलेला धनादेश त्याच दिवशी पास होऊ शकतो. पण तुम्ही तो शाखेच्या पेटीत साडेचारला टाकलात, तर तो दुसऱ्या दिवशीचा झाला.

पैसे अडकलेत कुठे, ते कसं ओळखायचं?

मुलगा म्हणतो "पाठवले", बँक म्हणते "आले नाहीत". अशा वेळी भांडत बसू नका. मुलाला दोनच गोष्टी विचारा.

एक, 'तुझ्या बँकेनं कोणत्या तारखेला सोडले?' पावतीवर दोन तारखा असतात. एक मागणी केल्याची, दुसरी प्रत्यक्ष पाठवल्याची. दुसरी तारीख खरी.

दोन, 'यूईटीआर नंबर दे.' स्विफ्टच्या प्रत्येक व्यवहाराला असा एक लांबलचक नंबर असतो, आकडे, अक्षरं आणि मधल्या रेघा मिळून ३६ जागांचा. हा नंबर कुरिअरच्या पावतीसारखा आहे. तो घेऊन आपल्या शाखेत जा आणि परदेशी चलन विभागाकडे चौकशी करायला सांगा. नुसतं नाव आणि रक्कम सांगून काउंटरवरच्या मुलाला काही सापडत नाही, कारण त्याच्या पडद्यावर फक्त तुमच्या खात्यात जमा झालेलंच दिसतं. वरच्या विभागात येऊन पडलेलं त्याला दिसत नाही.

तिथे पैसे आलेले असूनही जमा झाले नसतील तर कारण बहुधा कागदाचं असतं. रक्कम कशासाठी आली हे बँकेला नोंदवावं लागतं. घरखर्चासाठी मुलानं पाठवलेल्या रकमेचा संकेत `P1301` असा आहे. तो नसला, किंवा नावाचं स्पेलिंग खात्याशी जुळलं नाही, तर तुमच्याकडून खुलासा येईपर्यंत रक्कम थांबते. बँकेचा ईमेल किंवा फोन आला होता का, तेही पाहा. नाव पासबुकात जसं आहे अगदी तसंच मुलाकडे लिहून पाठवा.

आणखी एक, मावशींच्या बाबतीत घडलेलं. मुलानं १,१०० डॉलर पाठवले. ८३ रुपयांच्या भावानं ९१ हजार होतात, म्हणजे ९० हजारांना पुरून उरतात असं त्यानं धरलं. पण वाटेतल्या बँकेनं २० डॉलर आपला आकार कापला. उरलेल्या १,०८० डॉलरचे झाले ८९,६४०. त्यातून इथल्या बँकेचं शुल्क वेगळं. म्हणजे पैसे वेळेवर आले असते तरी काही शे रुपये कमीच पडले असते! तेव्हा मुदतीच्या भरण्यासाठी पाठवताना थोडी रक्कम वरचढच पाठवायला सांगा.

उलटं मोजायचं

आपण बायका सणाचा फराळ करताना उलटं मोजतो. लक्ष्मीपूजन अमुक दिवशी, म्हणजे चकल्या आदल्या दिवशी, भाजणी त्याच्या आधी दळून हवी, म्हणजे धान्य भाजायला आठवडाभर आधी घ्यायचं. पैशांचंही तसंच मोजा. सोसायटीत भरायची तारीख धरा. तिच्यामागे इथल्या बँकेचा एक कामाचा दिवस, त्यामागे घड्याळांच्या फरकाची एक रात्र, त्यामागे तिकडच्या बँकेचा एक दिवस, आणि कागद अडला तर म्हणून आणखी दोन दिवस. मधे येणारे शनिवार-रविवार आणि दोन्ही देशांच्या सुट्ट्या यात धरायच्या नाहीत. जो दिवस निघेल, त्या दिवशी तिकडच्या दुपारी बारापर्यंत मुलानं पैसे सोडायचे.

मावशींच्या स्वयंपाकघरात आता कालनिर्णयावर मार्चच्या पानावर दोन तारखांना गोल केलेला असतो. एक ३१ ला, सोसायटीचा. दुसरा १५ ला. तिथे त्यांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, "बाळाला फोन. दुपारी बाराच्या आत पाठव म्हणावं. त्याच्या दुपारी!"